आज फोन कुणाला?

घराच्या छतावर सौर पॅनल बसवून देणाऱ्यांकडे फेब्रुवारी २०२४ नंतर विचारणांची रीघ लागली. केंद्र सरकारची ‘पीएम सूर्यघर’ योजना त्या महिन्यात सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठा संच बसवणाऱ्या घराला ७८,००० रुपये अनुदान मिळतं म्हटल्यावर मध्यमवर्गीय घरांत हिशेब सुरू झाले. कुणी फेसबुकवरची जाहिरात बघून रात्री अकराला नंबर टाकतो, कुणी प्रदर्शनातल्या स्टॉलवर नाव लिहून जातो, कुणी शेजाऱ्याच्या गच्चीकडे बघत थेट फोन लावतो. अशी प्रत्येक विचारणा म्हणजे एक लीड. ती कंपनीच्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बसते आणि बहुतेक वेळा तिथेच बसून राहते.

कारण छतावरचं सोलर ही काही एका फोनवर विकली जाणारी वस्तू नाही. आधी वीजबिल बघायचं, मग छत बघायला माणूस पाठवायचा, कोटेशन द्यायचं, घरच्यांचं एकमत होऊ द्यायचं, कर्ज हवं असेल तर बँक, मग पोर्टलवर अर्ज, संचाची उभारणी आणि शेवटी महावितरणचा नेट मीटर. पहिल्या फोनपासून ऑर्डरपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो. या काळात एकेका विक्री प्रतिनिधीच्या नावावर दीडशे-दोनशे लीड उघडी असतात. रोज सकाळी प्रश्न एकच असतो: यातल्या कुणाला आज फोन करायचा?

नमुन्यादाखल नाशिकमधली तीन जणांची विक्री टीम घेऊ. त्यातल्या एका प्रतिनिधीकडे १९० लीड उघडी आहेत. सोमवारी सकाळी ती संगणक उघडते तेव्हा ७४ नावं लाल रंगात दिसतात, म्हणजे त्यांच्या फॉलोअपची तारीख उलटून गेली आहे. आता तिचा वेळ मोजू. कोटेशनं, साइट व्हिजिटच्या वेळा आणि कागदपत्रं वजा जाता फोनसाठी चार तास, म्हणजे २४० मिनिटं उरतात. फोन लागला आणि नीट बोलणं झालं तर टिपण धरून दहा मिनिटं जातात. उचललाच नाही तर रिंग, व्हॉट्सअॅपवर एक ओळ आणि नोंद यात दोन मिनिटं. पंधरा बोलणी झाली की १५० मिनिटं संपली; उरलेल्या ९० मिनिटांत ४५ न लागलेले फोन. एका नावाला दिवसात दोनदा प्रयत्न होतोच, म्हणून प्रत्यक्षात यादी चाळीसेक नावांची होते. लाल नावं ७४, त्यात आजच्या तारखेची आणखी वीस. हे गणित जमत नाही, आणि ते जमत नाही हे टीममधल्या कुणीही मोठ्याने म्हणत नाही. मग माणूस आपली सोय बघतो. जो गोड बोलतो त्याला फोन होतो, ज्याची रक्कम मोठी त्याला फोन होतो, नाहीतर यादीत जो वर दिसतो त्याला. उरलेल्यांची तारीख संध्याकाळी एकगठ्ठा निवडून ‘उद्या’ करून टाकली जाते.

त्यापेक्षा ती नावं जवळून बघणं बरं. त्या सोमवारच्या यादीतली सहा नावं घेऊ.

इंदिरानगरच्या एका गृहस्थांनी रविवारी रात्री जाहिरातीवरून नंबर टाकला आणि पाठोपाठ वीजबिलाचा फोटोही पाठवला. हा पहिला फोन. जाहिरातीवर बोट ठेवायला काही लागत नाही. पण बिल शोधून, त्याचा फोटो काढून पाठवणाऱ्याने स्वतःचे कष्ट घातलेले असतात. शिवाय महावितरणच्या बिलावर ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यामुळे बोलणं थेट कामाचं होतं. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतो. बिलावर महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट दिसत असतील तर तीन किलोवॉटची गोष्ट पहिल्याच फोनवर निघते.

नव्या लीडला लगेच फोन करावा, यामागे चांगला अभ्यास आहे. जेम्स ओल्डरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,२४१ कंपन्या तपासून ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या मार्च २०११च्या अंकात निष्कर्ष मांडले. ऑनलाइन विचारणेला तासाभरात उत्तर देणाऱ्या कंपन्या ३७ टक्के होत्या आणि २३ टक्के कंपन्यांनी उत्तरच दिलं नव्हतं. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं साधण्याची शक्यता, त्यानंतर एक तासही उशीर करणाऱ्यांच्या जवळजवळ सातपट होती. अभ्यास जुना आहे आणि तिकडचा आहे, पण त्यामागचं कारण नाशिकलाही लागू पडतं: माणूस एकाच बैठकीत तीन ठिकाणी नंबर टाकतो, आणि पहिल्यांदा नीट बोलणारा त्याचे निकष ठरवून जातो. पुढच्या दोघांना त्या निकषांवर उत्तरं देत बसावं लागतं. म्हणून दिवसभराच्या यादीत नव्या लीडसाठी मोकळी जागा ठेवावी लागते. सकाळीच चाळीस नावांनी दिवस गच्च भरला, तर दुपारी आलेली विचारणा दुसऱ्या दिवशीच्या सकाळवर जाते.

दुसरं नाव सिडकोतल्या निवृत्त शिक्षकांचं. त्यांनी मागच्या फोनवर सांगितलं होतं, “मुलगा रविवारी पुण्याहून येतोय, सोमवारी अकराला करा, तो असेल घरी.” हा फोन अकरालाच व्हायला हवा. साडेबाराला केला तर मुलगा परतीच्या वाटेवर असेल आणि निर्णय पुन्हा पुढच्या रविवारवर जाईल. शब्द दिलेल्या वेळा घड्याळावर आधी मांडून टाकायच्या आणि बाकीचे फोन त्यांच्या आजूबाजूला बसवायचे. नुसती तारीख टाकता येते पण वेळ टाकता येत नाही असं सॉफ्टवेअर असेल, तर या कामाला ते अपुरं आहे.

तिसरं नाव सगळ्यांना खुणावणारं: गंगापूर रोडवरची एक सोसायटी. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांसाठी २० किलोवॉटचा संच. रक्कम यादीत सगळ्यात मोठी, त्यामुळे मॅनेजर रोज विचारतो, “सोसायटीचं काय झालं?” पण टिपण वाचलं तर समजतं, की ठराव वार्षिक सर्वसाधारण सभेत होणार आहे. सहकारी सोसायट्यांना ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची नोटीस निघण्याआधी सचिवांच्या हातात दोन पानांचं टिपण देणं, हे तिथलं पुढचं काम. जूनमधल्या सोमवारी अध्यक्षांना आठव्यांदा “काही ठरलं का सर?” विचारण्याने ते काम होत नाही. मोठी रक्कम आणि आजची निकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीची तारीख ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकावी आणि आजच्या यादीतून ती काढावी.

चौथं नाव सातपूरचं. ग्राहक तयार आहे, कोटेशन मान्य आहे, कर्जाचा अर्ज बँकेत आहे. इथे चेंडू ग्राहकाच्या कोर्टात नाही, बँकेच्या आहे. ग्राहकाला फोन करून त्याच्या डोक्याला ताप देण्यात अर्थ नाही. शाखेत विचारायचं, आणि तेही फाइल जमा करणाऱ्या सहकाऱ्याने. अशा लीडसाठी ‘दुसऱ्याकडे अडकलेलं’ ही वेगळी अवस्था सीआरएममध्ये असली की ती रोजच्या कॉलिंगमध्ये घुसत नाहीत आणि आठवड्यातून एकदा एकत्र तपासता येतात.

पाचवं नाव पंचवटीतलं, आणि ते थोडं थांबून बघण्यासारखं आहे. कोटेशन देऊन अठरा दिवस झाले. सीआरएममध्ये चार नोंदी आहेत: ‘इंटरेस्टेड’, ‘विचार करून सांगतो म्हणाले’, ‘नंतर फोन करायला सांगितलं’, ‘इंटरेस्टेड’. या चार नोंदी वाचून पाचव्या फोनवर काय बोलायचं ते कळत नाही. त्यामुळे प्रतिनिधी तेच विचारते, “काका, कोटेशन बघितलंत का?” आणि तेच उत्तर येतं, “बघतो, बघतो. पुढच्या आठवड्यात सांगतो.”

या वेळी तिने प्रश्न बदलला. “काका, लाइटबिल कुणाच्या नावावर येतं तुमच्याकडे?”

पलीकडे जरा शांतता. मग, “अजून वडिलांच्याच नावावर आहे हो. ते जाऊन सहा वर्षं झाली. नाव बदलायचं राहूनच गेलंय.”

अडचण इथे होती. अनुदानाच्या अर्जात अर्जदाराचं नाव आणि वीजजोडणीवरचं नाव जुळावं लागतं. काकांना ते कुठूनसं कळलं होतं, घर तीन भावांचं होतं, आणि भावांच्या संमतीचा विषय फोनवर काढायला त्यांना संकोच वाटत होता. ‘विचार करून सांगतो’ याचा अर्थ एवढाच होता. आता नवी नोंद अशी झाली: ‘मीटर वडिलांच्या नावावर. धाकट्या भावाशी शनिवारी बोलणार. रविवारी सकाळी १०नंतर फोन. महावितरणच्या नावबदलाच्या अर्जाची कागदपत्रांची यादी आज व्हॉट्सअॅपवर पाठवली.’ ही नोंद दुसऱ्या कुणी वाचली तरी त्याला रविवारचा फोन करता येईल.

आज कुणाला फोन करायचा, याचा निर्णय खरं तर मागचा फोन संपताना व्हायला हवा. चांगल्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: नक्की काय अडलंय, पुढचं पाऊल कुणी उचलायचंय, आणि ते केव्हा. या तिन्ही नसतील तर सकाळी कितीही हुशार यादी बनवली तरी ती अंदाजाचीच राहते. ‘इंटरेस्टेड’ हा शब्द नोंदीत लिहायला बंदी घालणाऱ्या मॅनेजरचं म्हणणं बरोबर आहे.

सहावं नाव नाशिक रोडचं: चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्ची सोसायटीची, वैयक्तिक संचाला परवानगी नाही असं सचिवांनी लेखी दिलेलं. तरीही लीड उघडी आहे, कारण बंद करायला हात धजावत नाही. उघड्या लीडची संख्या मोठी दिसली की टार्गेट जवळ आल्यासारखं वाटतं. ती ‘छताचा हक्क नाही’ असं कारण टाकून बंद करायची. बंद करणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. उद्या सोसायटीने ठराव केला तर याच कारणावरून असे सगळे फ्लॅटधारक एका क्लिकवर शोधता येतात.

सहा नावांतून आजच्या फोनसाठी तीनच उरली. ७४ लाल नावांवर असंच काम केलं, तर त्यातली निम्मी तरी बंद होतात, पुढे जातात किंवा दुसऱ्याच्या यादीत जातात. या सफाईला एक अख्खी दुपार लागते. ती दुपार मॅनेजरने द्यायला हवी, आणि त्या दिवशी कॉलची संख्या कमी भरली म्हणून जाब विचारू नये.

मग सॉफ्टवेअर काय करतं? व्यापारी नावं, पत्ते आणि तारखा पूर्वीपासून वहीत ठेवत आले. विमा एजंटची डायरी घराघरांत लोकांनी बघितली आहे. संगणकावर हे काम १९८७ साली ‘अॅक्ट’ नावाच्या अमेरिकी सॉफ्टवेअरने आणलं, १९९९मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्सने ते इंटरनेटवर नेलं, आणि आज झोहोसारख्या भारतीय कंपन्यांमुळे पाच माणसांच्या दुकानालाही ते परवडतं. वहीपेक्षा त्याचा मोठा फायदा म्हणजे गाळणी लावता येते. रोजची यादी बहुतेक ठिकाणी अशा गाळणीतून निघते:

```
Lead Owner      =   me
Lead Status     !=  Won, Lost
Next Follow-up  <=  Today
```

माझी लीड, अजून न संपलेली, जिची तारीख आज किंवा आधीची. दिसायला निर्दोष आहे, पण तिला दोन मोठी भोकं आहेत आणि दोन्हींतून गळणारी नावं स्क्रीनवर कुठेच दिसत नाहीत.

पहिलं भोक कोऱ्या तारखेचं. ज्या लीडला पुढची तारीख टाकलीच नाही, तिची तारीख ‘आज किंवा आधीची’ ठरत नाही, म्हणून ती या यादीत कधीच येत नाही. लाल होत नाही, आठवणही येत नाही. प्रदर्शनाच्या गर्दीत भराभर भरलेली नावं आणि एक्सेल फाइलमधून आत ओढलेली नावं हमखास अशी असतात. त्यावर उपाय म्हणजे दुसरी गाळणी, जिच्यात शेवटची ओळ `Next Follow-up is empty` असते. ती रोज बघायची आणि संध्याकाळपर्यंत शून्यावर आणायची. कुठल्याही टीमच्या फॉलोअपची तब्येत बघायची असेल तर आधी हा आकडा विचारावा.

दुसरं भोक मालकाचं. कुणी प्रतिनिधी नोकरी सोडून गेला की त्याचं खातं बंद होतं, पण त्याच्या नावावरची लीड तशीच राहतात. ‘माझी लीड’ म्हणणाऱ्या कुणाच्याही यादीत ती येत नाहीत. ग्राहक मात्र कोटेशन हातात घेऊन फोनची वाट बघत असतो, आणि कंटाळून दुसरीकडे जातो. खातं बंद करण्याआधी लीड दुसऱ्याच्या नावावर करणं, हे काम ऑफिसमधल्या एका माणसाच्या माथी स्पष्टपणे मारलेलं असावं लागतं.

आणखी एक फसवणूक ‘शेवटची हालचाल’ या रकान्यात होते. दिवाळीच्या शुभेच्छांचा एकगठ्ठा ईमेल गेला, की अनेक सॉफ्टवेअर ती हालचाल म्हणून मोजतात. दीड महिना कुणी न बोललेली लीड अचानक कालच संपर्क झाल्यासारखी दिसते आणि ‘बरेच दिवस न बोललेले’ या यादीतून निसटते. म्हणून ‘शेवटचं बोलणं’ हा वेगळा रकाना करून तो फक्त लागलेल्या फोनने किंवा भेटीने बदलेल अशी सोय करावी.

गुण देणाऱ्या पद्धतीबद्दलही हेच. ईमेल उघडला की पाच गुण, किंमतीचं पान बघितलं की दहा गुण, अशी बेरीज करून सॉफ्टवेअर लीडला ‘हॉट’ ठरवतं. पण सप्टेंबर २०२१पासून आयफोनच्या मेल अॅपमध्ये अशी सोय आहे, की ती सुरू असेल तर ग्राहकाने ईमेल न वाचताही त्यातली चित्रं आधीच उतरवली जातात, आणि पाठवणाऱ्याला तो ‘उघडला’ असं दिसतं. त्या पाच गुणांना काही अर्थ उरत नाही. बिलाचा फोटो पाठवणं, छत बघायला वेळ देणं, कर्जाची चौकशी करणं ही ग्राहकाने स्वतः केलेली कामं आहेत. गुण द्यायचेच तर यांना द्यावेत.

एकाच माणसाच्या दोन नोंदींचा त्रास वेगळाच. प्रदर्शनात नंबर नुसता दहा आकड्यांचा लिहिला, वेबसाइटवरून तोच +९१ लावून आला, तिसऱ्या ठिकाणी सुरुवातीला शून्य. सॉफ्टवेअरला ही तीन माणसं वाटतात. मग सोमवारी एका प्रतिनिधीने एक भाव सांगितला आणि मंगळवारी दुसऱ्याने सहा हजारांनी कमी. यानंतर तो ग्राहक तिसऱ्यालाही घासाघीस करायला लावतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. नंबर आत घेतानाच शेवटचे दहा आकडे ठेवायचे आणि त्यावरूनच जुळणी करायची, एवढ्याने यातला बराच गोंधळ टळतो.

राहिली न बोलणारी माणसं. कोटेशन घेऊन गप्प बसलेली ही नावं यादीत सगळ्यात जास्त असतात. त्यांना रोज त्याच वेळी फोन करणं हा वेळेचा अपव्यय आहे; सकाळी दहाला न उचलणारा माणूस संध्याकाळी सातला उचलतो, कारखान्यातला असेल तर पाळी बदलली की उचलतो. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी चार-पाच प्रयत्न झाले, की एक शेवटचा सरळ निरोप पाठवावा: कोटेशनची मुदत अमुक तारखेला संपते, त्यानंतर आम्ही फोन करणार नाही, हवं तेव्हा याच नंबरवर कळवा. मग खरोखर थांबावं. अशा निरोपाला बऱ्याचदा उत्तर येतं, कारण त्यात ग्राहकाला नाही म्हणायची वाट मोकळी करून दिलेली असते.

आणि ज्याने कधी विचारणाच केली नाही, त्याचा नंबर कुठूनतरी विकत घेऊन ‘लीड’ म्हणून आत टाकला असेल, तर तो या यादीत असताच कामा नये. जाहिरातीच्या फोनसाठी ट्रायने १४०ने सुरू होणारे क्रमांक ठरवून दिले आहेत. साध्या मोबाइलवरून अनोळखी लोकांना असे फोन करणं नियमात बसत नाही, आणि ग्राहक १९०९ वर त्याची तक्रार करू शकतो.

वाचकांपैकी बहुतेक जण या फोनच्या पलीकडच्या टोकाला असतात. सोलर असो, फ्लॅट असो की गाडी, आपण स्वतः विचारणा केलेली असेल आणि आता घ्यायचं नसेल, तर “बघतो” न म्हणता “नको” म्हणून टाका, आणि जमलं तर कारणही सांगा. घ्यायचं असेल पण अडलं असेल, तर काय अडलंय आणि केव्हा बोलता येईल ते सांगा. पलीकडची मुलगी ते लिहून घेईल, आणि मधल्या दिवसांत तुमचा फोन वाजणार नाही.